आजी सांगतात ते किती खरं? सुधारकाच्या घरातल्या गोष्टींची तोंडी साक्ष पारखताना

ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीत दरवर्षी कुठल्या ना कुठल्या शाळेची, वाचनालयाची किंवा मंडळाची पंचाहत्तरी नाहीतर शताब्दी असतेच. स्मरणिका काढायचं ठरतं आणि संस्थापकांवरचा मोठा लेख कुणाच्या तरी गळ्यात पडतो. संस्थापकांची भाषणं, ठराव, देणग्या हे सगळं जुन्या अहवालांत सापडतं. अडतं ते घरापाशी. त्यांनी खरंच हुंडा घेतला नव्हता का? विधवा बहिणीचं दुसरं लग्न त्यांनी लावलं की ते लागल्यावर नुसते हजर राहिले? बायकोला त्यांचं हे सगळं पटत होतं का? अहवालात यातलं अक्षरही नसतं. मग कुणीतरी सांगतं, टिळकनगरात एक आजी आहेत, त्यांच्या शेजारी राहायच्या, त्यांना विचारा.

जरूर विचारा. पण जाण्याआधी एखाद्या जुन्या, भरपूर छापून आलेल्या आयुष्यावर हात साफ करून घ्या. त्यासाठी कल्याणकरांना लांब जायला नको. डॉ. आनंदीबाई जोशी यांचं माहेर कल्याणचं. जन्म ३१ मार्च १८६५, नवव्या वर्षी गोपाळराव जोशांशी लग्न, मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी, २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात मृत्यू. बाईंना पुरती बावीस वर्षंही मिळाली नाहीत. तरी त्यांच्याबद्दल समकालीनांची साक्ष तीन दिशांनी आलेली आहे. कॅरोलाइन डॉल या अमेरिकन लेखिकेनं १८८८ मध्येच चरित्र लिहिलं. काशीबाई कानिटकरांनी मराठीत चरित्र लिहून त्यात पत्रव्यवहार दिला. तिसरी साक्ष खुद्द आनंदीबाईंची, पत्रांतून आलेली. त्यांना पाहिलेलं आज कुणीच हयात नाही, पण कुणाच्या बोलण्याला किती वजन द्यायचं हे शिकायला याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

सगळ्यात साधा प्रश्न घ्या, जन्म कुठला? कुठे पुणं छापलेलं आढळतं, कुठे कल्याण. अशी तफावत दिसली की कुणीतरी खोटं बोलतंय असं नवखा लेखक धरून चालतो. पण त्या काळी बाळंतपण माहेरी व्हायचं. आनंदीबाईंच्या आईचं माहेर पुण्याचं, वडिलांचं घर कल्याणचं. कल्याणच्या माणसाला तुम्ही ‘त्या कुठल्या?’ असं विचारलं, तर तो ‘आमच्या कल्याणच्या’ असंच सांगणार, आणि ते खरंच आहे. चूक प्रश्नाची आहे. ‘बाळंतपण कुठल्या घरात झालं, सुईण कुठली होती, बारसं कुठे झालं’ असं विचारलं तर उत्तर वेगळं येतं. तोंडी मुलाखतीत निम्म्या विसंगती अशाच, प्रश्न ढोबळ विचारल्यामुळे तयार होतात. आजही डोंबिवलीतला माणूस ‘आम्ही मूळचे रत्नागिरीचे’ म्हणतो आणि त्याचा जन्म मात्र परळच्या के.ई.एम.मधला असतो.

आता अवघड प्रश्न. गोपाळरावांनी बायकोला शिकवलं हे सगळ्यांना ठाऊक आहे. शिकवताना ते तिला मारत होते का? इथे साक्षीदारांची जागा तपासावी लागते. डॉलबाईंचं पुस्तक मृत्यूनंतर लगेच आलेलं, म्हणजे काळानं अगदी जवळचं. पण डॉलबाई अमेरिकेतल्याच, आणि ज्यांच्या घरी आनंदीबाई तिथे राहिल्या त्या थिओडोशिया कार्पेंटर यांनीही पाहिली ती न्यू जर्सीतल्या रोझेल गावातली आनंदी. कल्याण आणि अलिबागच्या घरातलं त्यांना जे ठाऊक असेल ते आनंदीबाईंनी सांगितलं तेवढंच, आणि परक्या मुलखात, दुसऱ्याच्या घरी राहणारी मुलगी आपल्या नवऱ्याविषयी किती सांगेल? काळानं जवळ असलेला साक्षीदार प्रसंगापासून हजारो मैल लांब असू शकतो. वही उघडली की साक्षीदाराच्या नावापुढे ‘तेव्हा कुठे होता’ हा रकाना आधी आखा, वय नंतर लिहा.

याउलट आनंदीबाईंनी अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात मारहाणीचा उल्लेख स्पष्ट आहे. दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी मारलं, बाराव्या वर्षी खुर्च्या नि पुस्तकं अंगावर फेकली, सोडून जाण्याची धमकी दिली, चौदाव्या वर्षी चमत्कारिक शिक्षा केल्या, असा हिशेबच त्यात मांडलेला आहे. या साक्षीला मी सर्वांत वरचा दर्जा देतो, आणि कारण भावनेचं नाही. लिहिणारी प्रसंगात होती. वाचणाराही प्रसंगात होता, त्यामुळे बनवून लिहिलं असतं तर त्याला ते कळलंच असतं. आणि पत्र लिहिताना समोर चरित्रकार नव्हता की श्रोते नव्हते. या तीन गोष्टी एकत्र आल्या की एकटी साक्षही पुरते. त्याच पत्रात त्या म्हणतात की ही वागणूक चांगली होती की वाईट हे ठरवणं अवघड आहे. शेवटच्या हेतूकडे पाहिलं तर बरोबर, लहान मुलीच्या मनाकडे पाहिलं तर चूक. म्हणून मुलाखतीत ‘ते घरी चांगले वागायचे का?’ असं कधी विचारू नका. ज्या बाईनं सोसलं तिलाही ज्याचं एका शब्दात उत्तर देता आलं नाही, ते शेजारीण कुठून देणार? ‘चिडले की काय करायचे?’ असं विचारा.

खुद्द गोपाळराव साक्षीदार म्हणून कसे? लग्न ठरवताना ‘मुलीला शिकवू द्याल तरच’ अशी अट त्यांनी घातली होती, असं चरित्रांतून वाचायला मिळतं. ते खरं असूही शकेल, पण अट घालताना हजर कोण कोण असणार? स्वतः गोपाळराव, मुलीचे वडील, फार तर एखादा मध्यस्थ. गोष्ट पुढे सांगत राहायला उरले ते गोपाळराव, आणि या गोष्टीनं मोठेपण वाढतं ते त्यांचंच. त्यातून हे गृहस्थ कसे? १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातल्या बड्या मंडळींना नेऊन चहा समोर ठेवायचा, मग हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणायची आणि रानडे-टिळकांसकट सगळ्यांना ग्रामण्याच्या फेऱ्यात अडकवायचं, हा उद्योग त्यांचाच. खळबळ उडवण्याची हौस असलेल्या माणसाचं म्हणणं फेकून द्यायचं नसतं. ते ‘गोपाळरावांच्या सांगण्यानुसार’ एवढी शेपटी लावूनच छापायचं. हाच नियम तुमच्या स्मरणिकेतल्या संस्थापकांच्या थोरल्या चिरंजीवांनाही लावा. ते कितीही सज्जन असले तरी.

आनंदीबाईंच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. १९६८ मध्ये श्री. ज. जोशींची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी आली आणि २०१९ मध्ये त्याच नावाचा चित्रपट. तेव्हापासून कल्याणात कुणी ‘आमच्या आजीकडून ऐकलंय’ म्हणून प्रसंग सांगू लागला, की तो आजीचा की पडद्यावरचा हे वेगळं काढावं लागतं. ओळखायची एक खूण आहे. कादंबरीतून आलेल्या आठवणीत संवाद असतात, पूर्ण वाक्यांत, आणि प्रसंग ठळक ठिकाणी येऊन संपतो. घरातून आलेली आठवण बहुधा अर्धवट असते. तिला भांड्यांचा, जागेचा, नात्याचा संदर्भ असतो आणि शेवट नसतोच. ‘ओटीवरच्या खोलीत शिकवायचे म्हणे, आजीला तिकडे जायची बंदी होती’ यात मला जास्त दम वाटतो. मग तो तपशील कादंबरीत आहे का ते पाहा. आहे आणि कादंबरीच्या आधीच्या कशातच नाही, तर तो सोडून द्या. तुमच्या गावच्या सुधारकावर कादंबरी नसेल, पण पन्नास वर्षांपूर्वीची स्मरणिका असेलच, आणि तिचं काम तेच. ती आधी वाचून जा. तिच्यातलीच वाक्यं चार जण बोलू लागले तर ती एकच साक्ष समजा.

आता डोंबिवलीच्या आजींकडे येऊ. धरून चला की त्या आज ८५ च्या पुढच्या आहेत, साठच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन इथे आल्या आणि तुमच्या संस्थापकांच्या, म्हणजे मास्तरांच्या, शेजारच्या बिऱ्हाडात राहिल्या. तुम्हाला ऐकायचंय ते असं, की मास्तरांनी आपल्या विधवा बहिणीचं लग्न लावून दिलं आणि भाऊबंदांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. आजी म्हणतात, ‘हो तर, बासष्ट साली झालं ते.’ इथेच बहुतेक जण वहीत १९६२ लिहून मोकळे होतात.

साल विचारून मिळत नाही. ते दुसऱ्या कशाला तरी बांधून काढावं लागतं. ‘तेव्हा तुमचं पहिलं मूल झालं होतं का?’ ‘दिवे घालवून बसायचे दिवस होते का ते, पासष्टच्या युद्धातले?’ ‘कोयनेचा धक्का बसला त्या पहाटे बहीण याच घरात होत्या का?’ कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला. हादरा मुंबई-ठाण्यापर्यंत जाणवला होता आणि त्या पहाटे घरात कोण कोण होतं हे बायकांना हटकून आठवतं. समजा आजी म्हणाल्या, ‘हो, ती नि मी दोघी मुलांना घेऊन खाली पळालो.’ म्हणजे १९६७ च्या शेवटी बहीण अजून भावाच्याच घरी होती. मग बासष्ट सालचं लग्न कुठलं? कदाचित लग्नानंतर ती माहेरपणाला आली असेल. कदाचित बासष्ट हे आजींच्या स्वतःच्या लग्नाचं साल असेल आणि दोन लग्नं एकमेकांत मिसळली असतील. असं फार वेळा होतं. म्हातारपणी प्रसंग शाबूत राहतात, त्यांचा क्रमही बऱ्यापैकी राहतो. निसटतात त्या तारखा.

मग विचारायचं, ‘लग्नाला तुम्ही गेला होता?’ आणि हो आलं तर, ‘जेवायला काय होतं, कोण वाढत होतं, पंगत कुठे बसली होती?’ यात आचाऱ्याची चौकशी करायची नसते. ज्यानं प्रसंग पाहिला त्याला असल्या कडेच्या गोष्टी आठवतात, आणि ज्यानं ऐकला त्याला फक्त तात्पर्य आठवतं. आजी म्हणाल्या, ‘लग्न रजिस्टर होतं, आम्हाला पेढे आणून दिले, नंतर कळलं’, तर वहीत स्पष्ट लिहा की लग्न पाहिलं नाही, पेढे खाल्ले. ही साक्ष कमी मोलाची नाही. पेढे वाटले, म्हणजे मास्तरांनी ते लग्न चाळीपासून लपवलं नव्हतं, एवढं तिनं पक्कं होतं. आणि रजिस्टर लग्न म्हणजे विवाह नोंदणी कार्यालयात कागद आहे. तारीख तिथून घ्या.

‘भाऊबंदांनी बोलणं टाकलं’ हे मात्र कागदावर कुठेच मिळणार नाही, आणि इथे तोंडी साक्षीला पर्याय नाही. तिला आधार द्यायचा तो दुसऱ्या बाजूच्या माणसाचा. भाऊबंदांपैकी कुणाची सून अजून असेल, तिच्याकडे जा. ती म्हणाली, ‘आम्ही कुठे टाकलं, तेच येईनासे झाले’, तर दुरावा होता हे दोन्ही बाजूंनी नक्की झालं. दोष कुणाचा हे कधीच नक्की होणार नाही, तर ते लिहूही नका. सासू-सुना किंवा नवरा-बायको यांना एकत्र बसवून मुलाखत घ्यायची नाही हे ओघानंच आलं. आजोबा खोलीत आले की आजींची वाक्यं आखूड होतात, हे ज्यांनी मुलाखती घेतल्यात त्यांना सांगायला नको. नातूही धोक्याचा. ‘आजी, तो गांधीजींचा किस्सा सांग ना’ म्हणून तो हमखास तयार गोष्ट काढायला लावतो. पहिल्या बैठकीत तो किस्सा ऐकून घ्या, त्याशिवाय पुढची वाट मोकळी होत नाही. कामाचं असतं ते पंधरा दिवसांनी जाऊन पुन्हा विचारलेलं. त्याच गोष्टीत काय टिकलं, काय बदललं आणि काय नव्यानं आलं यावरून तुम्हाला अंदाज येतो. काही म्हणजे काहीच बदललं नसेल, तर ती आठवण राहिलेली नसून पाठांतर झालेलं असतं.

कागदही डोळे झाकून घेण्यासारखा नसतो. जुन्या पिढीतल्या कितीतरी मंडळींचा जन्म शाळेच्या दाखल्यावर १ जूनचा आहे, कारण शाळा जूनमध्ये सुरू व्हायची आणि नाव घालताना मास्तर ती तारीख टाकून द्यायचे. आजी ‘त्यांचा जन्म आषाढातला, एकादशीच्या आदल्या दिवशीचा’ म्हणाल्या आणि दाखल्यात १ जून असेल, तर मी आजींच्या बाजूनं उभा राहीन. बायकांची नावं, दुसरी लग्नं, लहानपणी गेलेली मुलं यांचा पत्ता दाखल्यांपेक्षा नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत लागण्याची शक्यता जास्त. घरातलं कुणी क्रियाकर्माला गेलं असेल तर तेव्हा हयात असलेल्यांची नावं त्यात नोंदलेली असतात. पण त्या वहीतही, जी बाई घरानं टाकली तिचं नाव नसण्याचीच शक्यता जास्त, आणि सुधारकांच्या घरात नेमकी तीच आपल्याला हवी असते. गावातल्या घडामोडींसाठी १८६४ चं कल्याणचं सार्वजनिक वाचनालय आणि १८९३ चं ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय, दोन्ही हाताशी आहेत. मुलाखतीत आलेल्या सालाच्या आगेमागचे स्थानिक अंक आणि अहवाल तिथे मिळतात का ते आधी विचारून घ्या.

आणखी एक मर्यादा आहे, ती लोक विसरतात. समकालीन म्हणजे कुठल्या काळाचा समकालीन? अनुताई वाघांचं उदाहरण घ्या. २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच असलेल्या कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचं काम उभं केलं. १९९२ मध्ये त्या गेल्या. त्यांच्याबरोबर काम केलेले शिक्षक, त्यांच्याकडे शिकलेली मुलं आज भेटू शकतात. अनुताई पहाटे किती वाजता उठायच्या, रागावल्या तर कशा, पैशाला किती चिकट किंवा सैल, यावर या मंडळींची साक्ष पहिल्या दर्जाची. पण अनुताईंचं कोवळ्या वयात लग्न झालं आणि काही महिन्यांत वैधव्य आलं, ती गोष्ट विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. ती पाहिलेलं कुणी उरलेलं नाही. कोसबाडचे सहकारी फार तर अनुताई त्याबद्दल काय आणि कसं बोलायच्या हे सांगतील, आणि त्यांनी स्वतःही आत्मकथन लिहिलेलं असल्यामुळे ते वाचलेलं की ऐकलेलं, हे पुन्हा चाळावं लागेल. म्हणून मुलाखत घेण्याआधी सुधारकाच्या आयुष्याची एक पट्टी आखा आणि प्रत्येक साक्षीदाराचा ओळखीचा काळ त्यावर रंगवा. पहिली तीसेक वर्षं बहुतेक वेळा कोरी राहतात, आणि तो कोरेपणा कितीही मुलाखती घेऊन भरत नाही.

मुलाखतीच्या तंत्राचं थोडक्यात. मोबाइलवर रेकॉर्ड करा, पण फोन विमान मोडवर टाकून आणि पंख्याखालून उचलून. डोंबिवलीत रुळालगतच्या इमारतीत असाल तर खिडकी लावून घ्या, लोकलचा भोंगा नेमका नावावर येतो. सुरुवातीला तारीख, जागा आणि हजर माणसं तोंडानं बोलून घ्या. लिहून काढताना आजींची भाषा सुधारू नका. ‘बोलणं टाकलं’चं ‘बहिष्कार घातला’ केलंत की अर्थ बदलला. परवानगीचा कागद दोन भागांत करा, एक ध्वनिमुद्रण ठेवण्यासाठी आणि दुसरा छापण्यासाठी. खासगी गोष्टी सांगणाऱ्या बऱ्याच बायका पहिल्यावर सही करतात, दुसऱ्यावर नाही. त्यांचं तेवढं ऐकलं पाहिजे. शिवाय मेलेल्या माणसाची बदनामी होत नाही हा गैरसमज काढून टाका. घरच्या मंडळींच्या भावना दुखावण्याच्या हेतूनं मृताच्या अब्रूला बाधा येईल असं छापणं हा आपल्या कायद्यात गुन्हा होऊ शकतो, आणि पुरावा काय तर एका शेजारणीची आठवण, अशी वेळ कुणावर न येवो.

छापताना दर्जा वाक्यातच दिसू द्या. नोंदणी कागद मिळाला तर ‘लग्न झालं’ असं सरळ लिहा. पेढ्यांची गोष्ट ‘शेजारी राहणाऱ्या एका बाईंच्या आठवणीप्रमाणे’ म्हणून द्या. दुराव्याबद्दल ‘दोन्ही घरांकडून दुरावा सांगितला जातो’ एवढंच. बहिणीला ते लग्न हवं होतं का, हा प्रश्न मात्र लेखात मोकळा ठेवा, जर ती स्वतः, तिची मुलं किंवा तिचं एखादं पत्र यांपैकी काहीच मिळालं नसेल तर. मास्तरांच्या शेजारणीला, चिरंजीवांना, भाऊबंदांना सगळ्यांना त्यावर मत असेल आणि ते तुम्हाला आग्रहानं ऐकवलं जाईल. ते ध्वनिमुद्रणात राहू द्या, वर तारीख घालून वाचनालयाकडे द्या, आणि स्मरणिकेच्या पानावर त्या जागी काही लिहू नका.